वळताना पुढचे दोन्ही टायर घासतात – घरी केलेल्या क्रेटगाडीचं स्टिअरिंग

शिवारकर | सोमवार, रात्री 9:40

मंडळी, नमस्कार. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. माल उतरवायच्या दिवसांत बागेतून शेडपर्यंत क्रेट वाहायला यंदा एक बॅटरीवरची चारचाकी करून घेतली. मागचा एक्सल आणि मोटर ई-रिक्षाची आहे. पुढचा एक्सल चौकोनी पाइपचा, दोन टोकांना किंगपिन, आणि स्टब एक्सल आर्मसकट गावातल्याच फॅब्रिकेटरने बनवून दिले. स्टिअरिंगच्या कॉलमला खाली एक लिव्हर, त्याचा दांडा एका चाकाला, आणि दोन्ही चाकं एका टाय रॉडने जोडलेली. एवढाच कारभार.

सरळ चालताना गाडी झकास. रडगाणं वळणावर. शेडच्या कोब्यावर पूर्ण स्टिअरिंग मारलं की पुढचे दोन्ही टायर किंचाळतात आणि काळे पट्टे उमटतात. बागेच्या टोकाला वळवताना चाकं माती ढकलत ढकलत अर्धवट सरळच जातात. 20 क्रेट, म्हणजे 400 किलोच्या आसपास माल असला तर मला खाली उतरून ढकलावं लागतं. दीड महिन्यात दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा खरवडल्यासारख्या झाल्या. किंगपिनपासून किंगपिन 900 मिमी आणि पुढच्या एक्सलपासून मागचा एक्सल 1500 मिमी. काय चुकलंय?

---

पाटलांचा_बाळू | सोमवार, रात्री 10:02

घासतात म्हणजे मडगार्डला लागतात का? माझ्या छोट्या हत्तीला पण असंच होत होतं. मडगार्डचा पत्रा हातोडीने ठोकून वर घेतला, विषय संपला.

---

शिवारकर | सोमवार, रात्री 10:11

नाही दादा, मडगार्ड बसवलेलंच नाही. टायर जमिनीला घासतात.

---

अलाइनमेंटवाला | सोमवार, रात्री 10:30

कडा बाहेरच्या खाल्ल्यात ना? मग टो-इन जास्त झालंय. चाकांचं पुढचं अंतर आणि मागचं अंतर टेपने मोजा. पुढचं 2-3 मिमी कमी पाहिजे, त्याहून जास्त फरक असेल तर टाय रॉडची लांबी बदलून जुळवा. रोजच्या दहा गाड्यांतल्या आठ अशाच येतात.

---

शिवारकर | मंगळवार, सकाळी 7:15

आत्ताच मोजलं. पुढे 3 मिमी कमी आहे, म्हणजे बरोबर आहे म्हणायचं. आणि सरळ चालताना काहीच आवाज नाही, दोर लावल्यासारखी जाते.

---

नटबोल्ट_काका | मंगळवार, सकाळी 8:20

अलाइनमेंटवाल्यांनी टायरवरून केलेलं निदान बरोबर आहे, फक्त जागा चुकली. सरळ असताना चाकं जुळलेली आहेत आणि वळल्यावर एकमेकांकडे तोंड करतायत. म्हणजे टो-इन आहेच, पण ते वळणात तयार होतंय. टाय रॉड पिळून ते जाणार नाही. रॉड पिळला तर वळणात थोडं बरं होईल आणि सरळ चालताना बिघडेल.

शिवारकर, दोन कामं करा. एक, टाय रॉड एक्सलच्या पुढे आहे की मागे ते सांगा. दोन, कोन मोजा. त्याला यंत्र लागत नाही. प्रत्येक पुढच्या चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे ठेवा, मध्ये भरपूर ग्रीस. चाक जागच्या जागी मोकळं फिरेल. गाडी सरळ ठेवून रिमला समांतर 60 सेंमीची रेघ खडूने मारा. मग डावीकडे पूर्ण स्टिअरिंग मारून, 60 सेंमीवर जुन्या रेघेला काटकोनात किती सेंमी सरकलं ते दोन्ही चाकांचं मोजा. आकडे टाका, पुढचं मी बघतो.

---

ऊसवाला | मंगळवार, सकाळी 9:05

काका, कोन मोजून काय करणार? दोन्ही चाकं सारखीच वळली पाहिजेत, झालं की. आमची उसाची चारचाकी ट्रॉली बघा. पुढचा अख्खा एक्सल फिरकीवर हाय. दोन्ही चाकं अगदी सारख्या कोनात वळत्यात. दहा टन ऊस घिऊन कारखान्याच्या काट्याव गोल फिरती, एक टायर बोंबलत न्हाई.

---

फॉर्म्युलाबॉय | मंगळवार, सकाळी 11:48

सारखी नाही वळली पाहिजेत. आतलं चाक जास्त वळायला हवं, कारण ते लहान वर्तुळावर फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. यालाच अ‍ॅकरमन म्हणतात. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या कॉलेजच्या रेसकारच्या टीममध्ये स्टिअरिंग माझ्याकडे आहे. नियम सोपा आहे: दोन्ही स्टिअरिंग आर्म मागे वाढवले तर त्यांच्या रेषा मागच्या एक्सलच्या बरोबर मध्यावर भेटल्या पाहिजेत. तेवढं केलं की अ‍ॅकरमन शंभर टक्के. तुमच्या मापाला आर्म आत सुमारे 17 अंश झुकलेला हवा.

ता.क. आमच्या गाडीत मात्र आम्ही मुद्दाम उलटं, अँटी-अ‍ॅकरमन ठेवलंय. रेसिंगमध्ये तेच चांगलं. त्यामुळे घासण्याचं कारण दुसरंच काहीतरी असू शकतं. मागचा एक्सल डिफरन्शियलशिवाय असेल तर मागची चाकं गाडीला सरळ ढकलतात. गो-कार्टमध्ये हे नेहमी होतं.

---

शिवारकर | मंगळवार, दुपारी 1:30

फॉर्म्युलाबॉय, डिफरन्शियल आहे. ई-रिक्षाचा एक्सल सबंधच घेतला. मागची दोन्ही चाकं उचलून एक फिरवलं तर दुसरं उलटं फिरतं, बघितलं. काळे पट्टेही फक्त पुढच्या चाकांचेच आहेत.

काका, ग्रीसमध्ये हात बरबटले पण मोजलं. डावीकडे वळवताना:

आतलं म्हणजे डावं चाक: 60 सेंमीला 32 सेंमी
बाहेरचं म्हणजे उजवं चाक: 60 सेंमीला 42 सेंमी

उजवीकडे वळवून पाहिलं तर हेच, बाजू बदलून. टाय रॉड एक्सलच्या पुढे आहे.

---

नटबोल्ट_काका | मंगळवार, दुपारी 2:10

धरला चोर.

32 ला 60 म्हणजे 28 अंश. 42 ला 60 म्हणजे 35 अंश. तुमचं आतलं चाक 28 वळतंय आणि बाहेरचं 35. व्हायला पाहिजे त्याच्या बरोबर उलट.

उत्तर सगळ्यांना एकदम देतो. आधी ऊसवाले, तुमचं निरीक्षण शंभर नंबरी खरं आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकला. चाक कुठल्या बिंदूभोवती फिरू बघतंय हे त्याच्या धुरेवरून कळतं. धुरा सरळ वाढवा, वर्तुळाचा मध्य त्याच रेषेवर असणार. तुमच्या ट्रॉलीत पुढच्या दोन्ही चाकांना धुरा एकच. अख्खी धुराच फिरते, म्हणून दोन्ही चाकांची रेषा एक. ती मागच्या एक्सलच्या रेषेला एकाच बिंदूत कापते आणि चारही चाकं निमूटपणे त्या बिंदूभोवती फिरतात. शिवारकरांच्या गाडीत प्रत्येक चाक आपापल्या किंगपिनवर फिरतं, म्हणजे धुरा दोन. सारख्या कोनात वळवल्या तर त्या दोन रेषा समांतर राहतात आणि मागच्या रेषेला दोन वेगळ्या जागी कापतात.

शिवारकर, आता हे तुमच्या कोब्यावर काढून बघा. मागच्या एक्सलची रेष खडूने डावीकडे लांब न्या. आतल्या चाकाच्या धुरेच्या दिशेने किंगपिनपासून सुतळी ताणा. 28 अंशांना ती मागच्या रेषेला आतल्या किंगपिनच्या सरळ रेषेपासून 2 मीटर 82 सेंमी लांब कापेल. बाहेरच्या चाकाची सुतळी 35 अंशांना 1 मीटर 24 सेंमीवरच कापेल. म्हणजे एक चाक म्हणतंय या बिंदूभोवती फिरू, दुसरं म्हणतंय त्या, आणि दोन बिंदूंत दीड मीटरहून जास्त अंतर. गाडी एक आहे, ती कोणाचंच ऐकत नाही. दोघांनाही फरफटत नेते.

किती फरफट? आतलं चाक 28 वळलं तर तुमच्या मापाच्या गाडीत बाहेरच्याने 22 वळायला हवं. ते 35 वळतंय. 13 अंशांचं भांडण. दोन्ही चाकांवर भार सारखा आणि भांडण निम्मं-निम्मं वाटलं गेलं असं धरलं तर प्रत्येक चाक मीटरभर चालताना अकरा-एक सेंमी आडवं घासतं. कोबा काळा होणारच.

आता खरं सांगा, टाय रॉड पहिल्यापासून पुढेच होता का?

---

शिवारकर | मंगळवार, दुपारी 3:25

काका, तुम्ही कुठे कॅमेरा लावलाय का?

पहिल्यांदा रॉड मागेच होता आणि आर्म मागच्या एक्सलच्या मध्याकडे रोखलेलेच होते. फॅब्रिकेटर हुशार आहे, त्याने सुतळी लावून वेल्डिंग केलं होतं. नंतर चार बॅटऱ्यांचा खोका बसवायला गेलो तर तो नेमका पुढच्या एक्सलच्या मागे, रॉडच्या जागी यायला लागला. तेव्हा आम्ही डावा स्टब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. आर्म आपोआप पुढे आले, रॉडही तोच बसला, काही कापावं लागलं नाही. आम्हाला वाटलं भारी डोकं लढवलं. मागे असताना गाडी फक्त शेडमध्ये ढकलून पाहिली होती, चालवली नव्हती. त्यामुळे फरक कळलाच नाही.

---

नटबोल्ट_काका | मंगळवार, दुपारी 4:00

मी चाळीस वर्षं गाड्यांच्या पुढच्या एक्सलपाशी काढली, हा प्रकार पहिल्यांदा बघत नाही. स्टब अदलाबदल करून बसतो, रॉड जुळतो, टो जुळतो, सगळं बरोबर दिसतं. म्हणूनच फसतो माणूस.

आर्म मागे असतील तर त्यांची टोकं एकमेकांजवळ हवीत, म्हणजे रॉड किंगपिनच्या अंतरापेक्षा आखूड. तुमच्या मापात आर्म 150 मिमीचा धरला तर रॉड 814 मिमीच्या आसपास. आर्म पुढे न्यायचे असतील तर ते बाहेरच्या बाजूला फाकले पाहिजेत. मागच्या एक्सलच्या मध्यापासून किंगपिनमधून सुतळी पुढे काढा, ती बाहेरच जाते. म्हणजे पुढचा रॉड किंगपिनच्या अंतरापेक्षा लांब, साधारण 986. तुम्ही आर्म पुढे नेले पण ते आतच झुकलेले राहिले आणि रॉड 814 चाच राहिला. फोटो न बघताही टेपने ओळखता येतं: रॉड पुढे आणि किंगपिनच्या अंतरापेक्षा आखूड, म्हणजे उलटं.

---

फॉर्म्युलाबॉय | मंगळवार, सायं. 5:15

ओके, हे पटलं. म्हणजे नकळत अँटी-अ‍ॅकरमन झालं. मग रॉड पुढेच ठेवून आर्म बाहेर फाकवले तर खोका हलवायची गरज नाही. नवीन आर्म कापून वेल्ड करा.

---

नटबोल्ट_काका | मंगळवार, सायं. 5:50

कागदावर बरोबर. जागेवर बघा. आर्मचं टोक किंगपिनच्या बाहेर 43 मिमी जाणार, त्यावर रॉड एंडची जाडी, आणि त्याच ठिकाणी चाकाचा रिम आणि ब्रेकचा ड्रम. चाक वळलं की ते टोक रिमच्या आत शिरायला बघतं. मोठ्या गाड्यांत त्यासाठी रिमला खोली असते आणि किंगपिन चाकाच्या पोटात ढकललेला असतो. शिवारकरांचं चाक 8 इंची आहे असं गाडीच्या मापावरून वाटतंय. तिथे बोट घालायला जागा नसणार.

आणि तुझ्या दोन गोष्टी, बाळा. रेसिंगमध्ये उलटं ठेवतात हे खरं, पण कारण समजून घे. वेगात वळताना टायर तोंडाच्या दिशेने चालतच नाही, थोडा तिरका सरकत चालतो, आणि बाहेरच्या टायरवर भार जास्त म्हणून त्याला तिरकेपणाही जास्त लागतो. तिथे भूमितीचा मध्यबिंदू मागे पडतो. बागेत 5 किमी वेगाने क्रेट नेताना टायर जिकडे तोंड तिकडेच जाऊ बघतो. तुमच्या गाडीचं उत्तर इकडे चालत नाही.

दुसरी, मागच्या एक्सलच्या मध्याचा नियम शंभर टक्के देतो हे बरोबर नाही. तू मोजून बघ.

---

फॉर्म्युलाबॉय | मंगळवार, रात्री 11:20

मोजलं. काका बरोबर आहेत, आणि मी हा नियम दोन वर्षं ज्युनियर्सना शिकवतोय :(

आदर्श नातं असं आहे, δo बाहेरचा कोन, δi आतला:

```
cot(δo) - cot(δi) = 900 / 1500 = 0.6
```

आतलं 35 वळलं तर बाहेरचं 26.2 हवं. नियमाप्रमाणे 17 अंश झुकलेले आर्म, 150 मिमी, रॉड मागे, असं संगणकावर काढून फिरवलं तर बाहेरचं 28.1 वळतं. आतलं 20 असताना 16.6 हवं, मिळतं 17.8. म्हणजे नियम योग्य बाजूला नेतो पण पूर्ण पोचवत नाही. आर्म 21 अंशांपर्यंत झुकवले तर 35 ला 26.4 येतं, जवळपास बरोबर, आणि 20 ला 17.2. चार दांड्यांच्या या साध्या चौकटीत प्रत्येक कोनाला तंतोतंत जुळत नाही, कुठेतरी थोडं सोडावं लागतं.

शिवारकरदादा, म्हणजे तुम्ही वेल्डिंग तोडून 21 चे करून घ्या.

---

जुनी_बग्गी | बुधवार, सकाळी 6:40

थोडं अवांतर, पण इथे शोभेल. अ‍ॅकरमन हा या युक्तीचा शोधक नव्हेच. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्श्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने 1816 च्या सुमारास ती काढली, आणि लंडनमध्ये त्याच्या वतीने 1818 मध्ये पेटंट घेतलं रुडॉल्फ अ‍ॅकरमनने. हा चित्रांचा आणि पुस्तकांचा प्रकाशक. नाव एजंटाचं राहिलं. त्याही आधी 1750 च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स डार्विनच्या आजोबांनी, इरॅस्मस डार्विन या डॉक्टराने, स्वतःच्या बग्गीसाठी अशीच कल्पना मांडली होती. रोग्यांकडे फिरताना बग्गी उलटायची भीती त्याला छळायची.

उलटण्याचा मुद्दा ऊसवाल्यांच्या ट्रॉलीलाही लागू आहे. अख्खा एक्सल फिरला की पुढचा आधार एका बाजूने आत सरकतो, चार पायांच्या स्टुलाचं तीन पायांचं होतं. किंगपिनवर चाकं फिरवली तर आधार जवळपास जागेवर राहतो. बग्गीवाल्यांना तेच हवं होतं. टायर तेव्हा होतेच कुठे घासायला!

आणि फॉर्म्युलाबॉयने ज्या नियमावर हात पोळले तो मागच्या एक्सलचा नियम बहुतेक वेळा फ्रेंच बग्गीवाल्या शार्ल जांतोच्या नावावर लावतात, 1878 चा.

---

ऊसवाला | बुधवार, सकाळी 8:10

स्टुलाचं पटलं. वळणात भरलेली ट्रॉली कलंडती ती त्याच्यामुळंच व्हय? आमच्यात म्हणत्यात डायवर कच्चा होता.

---

नटबोल्ट_काका | बुधवार, सकाळी 8:45

डायवरही असतो कधी कधी. उंच रचलेला ऊस, रस्त्याचा उतार, वेग, सगळं मिळून होतं. फिरकी हे त्यातलं एक.

शिवारकर, घाईने वेल्डिंग तोडू नका. फॉर्म्युलाबॉयचं गणित बरोबर, सल्ला नाही. स्टिअरिंगचा आर्म हा गाडीतला असा तुकडा आहे की तो तुटला तर एक चाक स्वतःच्या मर्जीने फिरतं. एकदा वेल्ड केलेला तापवून, कापून, पुन्हा वेल्ड करायचा तर तो नवीनच करावा, जाड पट्टीचा, दोन्ही बाजूंनी भरलेला. आधी स्टब परत मूळ जागी लावा, रॉड मागे, आणि खोका वर उचला. 13 अंशांचं भांडण 2 अंशांवर येईल. त्याने भागलं तर पुढचं करूच नका.

रॉड मागे नेल्यावर टो जुळवायचं लक्षात ठेवा, आणि उलट पिळू नका. रॉड पुढे असताना लांब केला की चाकांची तोंडं फाकतात. मागे असताना लांब केला की तोंडं जवळ येतात.

---

मृण्मयी_श्टुटगार्ट | बुधवार, दुपारी 3:30

मध्येच घुसते, माफ करा. आमच्याकडे मोठी चारचाकी ड्राइव्हची एसयूव्ही आहे, उत्तम कंपनीची, दोन वर्षांची. थंडीत सकाळी पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग मारून काढताना पुढची चाकं टक-टक-टक अशी उड्या मारत जातात. सर्व्हिसवाल्यांनी "भूमिती बिघडलेली नाही, हे असंच असतं" असं सांगून परत पाठवलं. नवरा म्हणतो हे अ‍ॅकरमन. मग इतक्या महागड्या गाडीत ते चुकीचं कसं ठेवतात? शिवारकरदादांच्या फॅब्रिकेटरला जमलं, यांना नाही?

---

नटबोल्ट_काका | बुधवार, सायं. 4:20

मृण्मयीताई, नवरा बहुधा बरोबर आहे आणि सर्व्हिसवालेही खोटं बोलत नाहीत. रस्त्यावरच्या गाड्यांत पूर्ण अ‍ॅकरमन सहसा ठेवतच नाहीत. इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये रॅक कुठे मावतो हे एक, आणि वेगातलं वागणं हे दुसरं. त्यामुळे पूर्ण लॉकला चाकं थोडी भांडतातच. टायर लवचिक असेल तर तो भांडण पोटात घेतो. टायर रुंद, कमी उंचीचा, उन्हाळी रबराचा आणि हवा गार असली की रबर कडक होतं. मग ते वाकतं, सुटतं, वाकतं, सुटतं. तीच तुमची टक-टक.

तुमच्याकडे हिवाळी टायर लावले आहेत का?

---

मृण्मयी_श्टुटगार्ट | बुधवार, सायं. 5:05

पुढच्या आठवड्यात बदलायचे आहेत. म्हणजे आत्ता उन्हाळीच आहेत. बघते आणि लिहिते. पण "असंच असतं" हे उत्तर मला अजून पचलेलं नाही. पूर्ण लॉकला तरी नीट बसवता आलं असतं की.

---

फॉर्म्युलाबॉय | बुधवार, सायं. 6:30

ताई, लॉकला नीट बसवलं तर मधल्या कोनांत बदल होतो, आणि वेगातली वळणं त्याच मधल्या कोनांत घेतली जातात. पण रॅक थोडा पुढे-मागे सरकवून मार्ग काढता येतो असं मला वाटतं. काका?

---

नटबोल्ट_काका | बुधवार, सायं. 6:55

जागा असेल तर. ती नसते, हीच तर रडकथा.

---

शिवारकर | शनिवार, दुपारी 12:40

काम केलं, सविस्तर सांगतो.

खोका चार इंच वर उचलला, खाली अँगलची चौकट केली. स्टब मूळ जागी, रॉड मागे, टो 3 मिमी. मग कोब्यावर पहिली चक्कर मारायला बसलो, स्टिअरिंग डावीकडे मारलं आणि गाडी उजवीकडे, थेट क्रेटच्या थप्पीवर! पाच-सहा क्रेट आडवे. क्रेट रिकामे होते म्हणून बरं. भावजय शेडच्या दारात उभी राहून इतकी हसली की विचारू नका.

आर्म पुढून मागे गेल्यावर दिशा उलटणार हे डोक्यातच आलं नाही. फॅब्रिकेटरला फोन केला तर तो म्हणतो, "अहो, रॉड पुढे नेला तेव्हा मीच कॉलमचा लिव्हर खालचा वर केला होता, तुम्हाला सांगायचं राहिलं." लिव्हर परत खाली केला. आता डावीकडे म्हणजे डावीकडे.

पुन्हा ग्रीस, पुन्हा पत्रे. डाव्या वळणात आतलं 60 ला 42, बाहेरचं 60 ला 32. आकडे तेच, फक्त चाकांनी आपसांत बदलून घेतले.

---

नटबोल्ट_काका | शनिवार, दुपारी 1:15

लिव्हरचं सांगायला मीच विसरलो, क्रेटचं पाप माझ्या माथी. गाडी जागेवर चढवून, चाकं उचलून आधी स्टिअरिंग फिरवून बघायचं असतं, ते लिहायला हवं होतं.

आकडे बरोबर आले. बाहेरचं 29.5 सेंमीच्या आसपास असतं तर भांडण शून्य. तुमचं 32 आहे. कोब्यावर आवाज?

---

शिवारकर | शनिवार, दुपारी 2:00

रिकाम्या गाडीला आवाज नाही. भरल्यावर पूर्ण लॉकला बारीक कुईं येतो, पट्टे उमटत नाहीत. बागेत तर फारच फरक पडला. आमच्या ओळी 9 फुटांवर आहेत. एका ओळीतून निघून एक ओळ सोडून पुढच्या ओळीत आता एका दमात शिरतो, टोकाच्या 13 फूट जागेत. आधी दोनदा मागेपुढे करावं लागायचं आणि चाकांपुढे मातीचा ढीग साचायचा.

फॉर्म्युलाबॉय, तुझ्या 21 अंशांचं काय करू? फॅब्रिकेटर म्हणतो नवे आर्म करून देतो, दोन दिवसांचं काम.

---

फॉर्म्युलाबॉय | शनिवार, दुपारी 3:10

मी असतो तर केले असते. 2 अंशांचा फरक म्हणजे मीटरमागे प्रत्येक टायर दीड-दोन सेंमी आडवा घासतो.

---

नटबोल्ट_काका | शनिवार, दुपारी 3:40

आणि मी नसते केले. तो फरक फक्त पूर्ण लॉकला आहे. दिवसातून किती वेळ पूर्ण लॉक? बाकी वेळ गाडी ओळीतून सरळच चालते. मातीत तो कळणारही नाही.

---

अलाइनमेंटवाला | शनिवार, सायं. 5:00

टायर बदलून एक हंगाम चालवा, मग कडा बघा. नुसत्या नजरेने नाही, हात फिरवून. आतून बाहेर हात नेताना नक्षीची धार बोचली आणि बाहेरून आत नेताना गुळगुळीत लागलं, तर अजून टो-इनसारखं घासतंय असं समजा. तसं असेल तर आर्म करा.

---

शिवारकर | शनिवार, सायं. 5:35

हे जमेल. टायर परवा आणतो. खरड छाटणीच्या वेळी काड्या वाहायला गाडी रोजच लागणार आहे, तेव्हा हात फिरवून इथेच लिहितो.

---

ऊसवाला | शनिवार, रात्री 9:20

काका, एक शेवटचं. आमच्या ट्रॉलीची फिरकी काढून शिवारकरांसारखे किंगपिन बसवले तर? ट्रॅक्टरचा दांडा टाय रॉडला जोडायचा. कलंडायचं तर कमी हुईल.

---

नटबोल्ट_काका | शनिवार, रात्री 9:50

मागे घेताना काय होईल याचा विचार केलाय का? आणि दहा टनांना किंगपिन केवढा लागेल? नवीन धागा काढा, ट्रॉलीची मापं घेऊन या.